निर्देशांकामागची गर्दी

बोरिवलीची फास्ट लोकल वेळेवर आली म्हणून पश्चिम रेल्वे सुरळीत चालली आहे, असे अंधेरीचा प्रवासी कधी मानणार नाही. तो स्लोचेही इंडिकेटर बघतो. शेअर बाजाराच्या बाबतीत मात्र आपण सेन्सेक्सचा एक आकडा ऐकून निश्चिंत होतो. सेन्सेक्स म्हणजे ३० कंपन्या, आणि २००३ पासून त्यांना वजन बाजारात खुल्या असलेल्या समभागांच्या मूल्याप्रमाणे मिळते. साहजिकच दोन-तीन बलाढ्य नावे सगळा आकडा ओढून नेऊ शकतात.

म्हणून नुसती डोकी मोजायची, ही युक्ती अमेरिकेत १९२० च्या दशकात क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनीच्या लेनर्ड एअर्स यांनी वापरली. रीत सोपी आहे. समजा, आज १,००० समभाग वाढले आणि १,६०० घसरले, तर वजा ६००. उद्या १,२०० वाढले, १,४०० घसरले, तर वजा २००. बेरीज वजा ८००. सेन्सेक्स दोन्ही दिवस वर गेला असला तरी ही रेषा खाली चालली आहे. दुसरी तपासणी जरा संथ: प्रत्येक समभागाच्या मागील २०० दिवसांच्या बंद भावांची सरासरी काढायची आणि आजचा भाव तिच्या वर असलेले किती टक्के, ते मोजायचे.

याचे आपल्याकडचे मासलेवाईक वर्ष २०१८. जुन्या भावांच्या नोंदी चाळताना मी या वर्षापाशी सर्वांत जास्त थांबलो. २९ जानेवारीला सेन्सेक्स ३६,२८३ वर बंद झाला, २८ ऑगस्टला ३८,८९६ वर. म्हणजे सुमारे सात टक्के वाढ आणि नवा उच्चांक. पण लहान आणि मध्यम कंपन्यांचे निर्देशांक जानेवारीतल्या शिखराच्या बरेच खाली होते. दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा कर, सेबीने घडवलेली म्युच्युअल फंडांची फेररचना अशी कारणे सांगतात. मला दोन्ही पटतात, पण पुरेशी वाटत नाहीत. रिलायन्स, टीसीएस पुढे धावत होते, गर्दी मागे राहिली होती. मग आयएलअँडएफएसची थकबाकी उघडी पडली आणि २६ ऑक्टोबरला सेन्सेक्स ३३,३४९ वर आला.

मुलुंड-घाटकोपरच्या ज्या घरांत लहान कंपन्यांचे समभाग होते, त्यांची घसरण मात्र फेब्रुवारीपासूनच सुरू होती.

ही मोजणी तारीख सांगत नाही. २०१८ मध्ये इशारा आणि पडझड यांत महिने गेले. मुंबई शेअर बाजाराच्या यादीत जेमतेम उलाढालीचे समभाग भरपूर, तेही एकेक मत देतात. म्हणून मी पहिल्या ५०० कंपन्यांपुरतीच मोजणी धरतो. नव्या नोंदणीच्या कंपनीला २०० दिवसांचा इतिहास नसतो, ती वगळावी लागते. आणि २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी कोसळला, तेव्हा लहानथोर सगळेच एकदम पडले.