मधल्या बाकाचे तास

भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई हे मिरचीच्या बाजारामुळे ओळखले जाणारे गाव. गावाला रेल्वे नाही. मुंबईला रात्रीच्या गाडीने जायचे तर आधी जालना गाठावे लागते. 1900 साली निजामाच्या राज्यातून मनमाडला जोडणारा मीटरगेज मार्ग जालन्यावरून सुरू झाला, पण मुंबईचा प्रवासी मनमाडला गाडी बदलत असे. सामान उतरवायचे, पुन्हा चढवायचे, नवी जागा धरायची, यात सलग झोप शक्य नव्हती. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात मार्गाचे रुंदीकरण झाले आणि जालन्यात अंथरलेली वळकटी मुंबईपर्यंत गुंडाळावी लागेनाशी झाली. अनोळखी माणसांसोबत अख्खी रात्र काढण्याचा रिवाज इथल्या माणसांनी खऱ्या अर्थाने तेव्हापासून अंगवळणी पाडला.

या रिवाजाचे मूळ शिष्टाचारापेक्षा सुतारकामात आहे. स्लीपरच्या एका कप्प्यात समोरासमोर तीन-तीन बाक असतात आणि पलीकडे खिडकीशी दोन, असे एकूण आठ. मधला बाक दिवसा खाली पडून बसणाऱ्यांची पाठ होतो, रात्री साखळ्यांवर उचलला की बिछाना होतो. तो वर गेला की खालच्या बाकावर ताठ बसता येत नाही. म्हणजे मधल्याची झोप आणि खालच्याची बैठक एकाच वेळी शक्य नाही. बाक पूर्वी नुसते लाकडी असत. 1977 मध्ये रेल्वेमंत्री झालेल्या मधु दंडवते यांच्या काळात दुसऱ्या वर्गाच्या बाकांवर फोमच्या गाद्या आल्या. अंग टेकायला सुख आले, पण भांडण तेच राहिले.

म्हणून नियमाने तास वाटून दिले. आधी रात्री 9 ते सकाळी 6 हा झोपेचा वेळ होता. 31 ऑगस्ट 2017 च्या परिपत्रकाने तो 10 ते 6 केला. कारण उघड होते. काही प्रवासी गाडीत शिरताच बाक उचलून आडवे होत आणि खालचे लोक तासन्‌तास वाकून बसत. आता दहाच्या आधी मधल्याने बाक उचलण्याचा हट्ट धरू नये आणि दहानंतर खालच्याने तो अडवू नये. खिडकीकडच्या वरच्या बाकाचा प्रवासी दिवसा खाली बसू शकतो, दहानंतर मात्र खालच्या जागेवर त्याचा हक्क नाही. आजारी, अपंग आणि गरोदर प्रवाशांना सांभाळून घ्यावे, असे परिपत्रकच सांगते.

जालन्याच्या प्रवाशापाशी मात्र हे वेळापत्रक उलटे होते. मुंबईकडे जाणारी देवगिरी एक्स्प्रेस जालन्याला येते ती रात्री दहाच्या आगेमागे. तेव्हा नांदेड-परभणीचे लोक निजलेले असतात. चढणाऱ्याचा बाक त्याच्या हक्काचा आहे, पण तिथे पोहोचण्यासाठी झोपलेल्याच्या पायाशी सामान सरकवावे लागते आणि अंधारात क्रमांक वाचावा लागतो. मोठा दिवा अख्ख्या कप्प्याला एकच. तो लावला तर सगळे जागे होतात. म्हणून जाणता प्रवासी फलाटावरच पाणी आणि चादर वरच्या खणात काढून ठेवतो, पेटी आडवी सरकवतो आणि निळ्या दिव्यावर भागवतो.

सामानाचा हिशेब अधिक स्पष्ट आहे. स्लीपरमध्ये 40 किलो सामान मोफत नेता येते आणि पेटी 100 × 60 × 25 सेंटिमीटरपेक्षा मोठी नसावी. शेवटचा आकडा उंचीचा आहे. याहून उंच पेटी बाकाखाली न जाता वाटेत राहते. पण मिरचीचे पोते वजनात बसले तरी ते घरचे सामान नव्हे, व्यापाराचा माल आहे. त्याची जागा नोंदणी करून ब्रेक व्हॅनमध्ये.

आवाजाचे काय? बाकाला साखळी असते, आवाजाला नाही. म्हणून त्याचा नियम सर्वांत उशिरा आला. मार्च 2021 मध्ये पश्चिम रेल्वेने रात्री 11 ते 5 चार्जिंगची वीज बंद ठेवायला सुरुवात केली, पण ती आगीच्या भीतीने. झोपेसाठीचा आदेश जानेवारी 2022 चा. फोनवर मोठ्याने बोलू नये, गाणी इअरफोनशिवाय ऐकू नयेत, दहानंतर रात्रीचा दिवा सोडून इतर दिवे मालवावेत आणि तक्रार आली तर डब्यातल्या कर्मचाऱ्यांनी दखल घ्यावी. मात्र तपासनीस एक आणि डबे अनेक. तो येईपर्यंत बोलणाऱ्याचे बोलणे संपलेले असते.

त्यामुळे बाकाचे भांडण घड्याळ दाखवून मिटते, आवाजाचे मिटत नाही. तिथे अजून जुनाच उपाय चालतो. समोरचा माणूस उठून बसतो, हलक्या आवाजात म्हणतो, ‘‘दादा, जरा दाराशी जाऊन बोलता का? आजी झोपल्यात.’’ बहुतेक वेळा बोलणारा फोन कानाशी धरूनच उठतो.