प्रमाण परिव्यय : खरेदीच्या वेळी किंमत-विचलनाची नोंद

या पद्धतीत कच्चा माल गोदामात येतानाच प्रमाण दराने खतावला जातो आणि दरातील फरक त्याच नोंदीत वेगळा काढला जातो. समजा, प्रमाण दर किलोला ५० रुपये असताना १,००० किलो माल ५२ रुपयांनी उधार घेतला. तेव्हा साहित्य नियंत्रण खाते ५०,००० रुपयांनी व साहित्य किंमत विचलन खाते २,००० रुपयांनी नावे होते. धनको खाते मात्र प्रत्यक्ष देण्याच्या, म्हणजे ५२,००० रुपयांनी जमा होते.

पुढे ८०० किलो माल वापरला, पण झालेल्या उत्पादनाला ७८० किलोच पुरायला हवा होता. मग चालू काम खाते ३९,००० रुपयांनी व वापर विचलन खाते १,००० रुपयांनी नावे, तर साहित्य नियंत्रण खाते ४०,००० रुपयांनी जमा होते. विचलन वापराच्या वेळी नोंदले असते, तर दरफरक ८०० किलोंपुरता, १,६०० रुपयेच दिसला असता आणि तोही उशिरा. खरेदी विभागाला वेळीच जाब विचारता येतो, म्हणून पहिली रीत सरस.

तिची अडचण वर्षअखेरीस जाणवते. उरलेला २०० किलो साठा पुस्तकात १०,००० रुपयांचा दिसतो, प्रत्यक्षात त्याला १०,४०० रुपये पडलेले असतात. प्रमाण दराचे मूल्यांकन प्रत्यक्ष खर्चाच्या जवळपास असेल तरच लेखा मानक २ ला चालते. फरक मोठा असल्यास हे ४०० रुपये विचलन खात्यातून साठ्याकडे वळवावे लागतात.