शोधाधारित उत्तरनिर्मिती (रॅग)

सेवाशर्ती, रजेचे नियम, यंत्रांच्या देखभालपुस्तिका, ग्राहकांशी झालेले करार अशा संस्थेच्या स्वतःच्या कागदपत्रांतून प्रश्नाशी संबंधित उतारे आधी शोधून काढायचे आणि ते भाषा-मॉडेलपुढे ठेवून त्यांच्याच आधारे उत्तर लिहून घ्यायचे, अशी संगणकीय पद्धती. व्यवहारात तिला ‘रॅग’ म्हणतात. भाषा-मॉडेलने एखाद्या कंपनीचे अंतर्गत नियम कधी वाचलेले नसतात. विचारले तर ते इतर कंपन्यांत सर्वसाधारणपणे जे चालते तेच छातीठोकपणे सांगते. ही उणीव भरून काढणे हा या पद्धतीचा हेतू आहे.

हे नाव २०२० साली पॅट्रिक लुईस व सहकाऱ्यांच्या शोधनिबंधातून रूढ झाले. त्यांनी इंग्रजी विकिपीडियाचे शंभर-शंभर शब्दांचे सुमारे २ कोटी १० लाख उतारे पाडले होते. प्रश्नाचे अंकरूप काढणारे मॉडेल आणि उत्तर लिहिणारे मॉडेल ही दोन्ही त्यांनी एकत्र शिकवली होती. कंपन्यांत आज जे चालते ते बहुधा याहून साधे असते. दोन्ही मॉडेले तयार घेतली जातात आणि कंपनीच्या मजकुरावर त्यांना काही शिकवले जात नाही. त्यामुळे उत्तराचा दर्जा मुख्यतः मजकूर कसा तोडला आणि कसा शोधला यावर ठरतो.

काम दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा आगाऊ उरकलेला असतो. दस्तऐवजातून मजकूर काढतात, त्याचे तुकडे (चंक) करतात, प्रत्येक तुकडा एम्बेडिंग मॉडेलमधून नेऊन त्याची काहीशे ते काही हजार अंकांची मालिका, म्हणजे व्हेक्टर मिळवतात आणि ती मूळ मजकुरासह साठवतात. दुसरा टप्पा प्रश्न आल्यावर सुरू होतो. प्रश्नाचाही व्हेक्टर काढला जातो, त्याच्याशी सर्वांत जवळची दिशा असलेले पाच-दहा तुकडे निवडले जातात आणि ‘फक्त या उताऱ्यांवरून उत्तर दे, त्यांत नसेल तर तसे सांग’ या सूचनेसह ते भाषा-मॉडेलला दिले जातात.

बहुतेक चुकांचे मूळ तुकडे पाडण्यात सापडते. समजा, एका कारखान्याच्या सेवा-नियमावलीत ‘अर्जित रजा’ या शीर्षकाखाली कलम ४.२ आहे: कर्मचाऱ्याला वर्षाला २१ दिवस रजा मिळेल. पुढच्या पानावर कलम ४.५ म्हणते, ‘वरील तरतूद परिविक्षाधीन कर्मचाऱ्यांना लागू नाही.’ मजकूर सरसकट ठरावीक लांबीवर कापला तर ही दोन कलमे वेगवेगळ्या तुकड्यांत जातात. आता नव्याने लागलेला कामगार विचारतो, ‘प्रोबेशनवर असताना अर्जित रजा मिळते का?’ ४.२ चा तुकडा पहिल्या क्रमांकावर येतो, कारण त्यात अर्जित रजेचाच विषय आहे. ४.५ च्या तुकड्यात ‘रजा’ हा शब्दच नाही. ‘वरील तरतूद’ कशाविषयी, ते तिथे कळत नाही. तो निवडीत खाली ढकलला जातो. मॉडेलला मिळालेला उतारा खरा, त्यावरून लिहिलेले वाक्य बिनचूक, आणि तरी ‘हो, २१ दिवस’ हे उत्तर साफ चूक. खाली कलम ४.२ चा हवाला दिसतो, म्हणून वाचणाऱ्याचा त्यावर विश्वासही बसतो. ही चूक मॉडेलने मनाने रचलेल्या उत्तरापेक्षा घातक मानायला हवी, कारण हवाला तपासूनही ती सापडत नाही.

यावर तुकड्याची लांबी वाढवणे हा पहिला सुचणारा उपाय, पण तो अर्धवट आहे. तुकडा फार मोठा झाला की त्यात चार विषय येतात आणि त्याचा व्हेक्टर त्या चारही विषयांची सरासरी होऊन कोणत्याच प्रश्नाच्या पुरेसा जवळ राहत नाही. शिवाय अनेक एम्बेडिंग मॉडेलांना मर्यादा असते. बहुभाषिक वापरासाठीचे multilingual-e5 हे मॉडेल ५१२ टोकनांपर्यंतच वाचते. त्यापुढचा मजकूर बऱ्याच प्रणालींत काही न कळवता गाळला जातो. त्यापेक्षा कलमांच्या सीमेवर तोडणे आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर त्याचा पत्ता लिहिणे अधिक उपयोगी:

```
passage: सेवा-नियमावली > प्रकरण ४ > अर्जित रजा > कलम ४.५
वरील तरतूद परिविक्षाधीन कर्मचाऱ्यांना लागू नाही.
```

आता ‘अर्जित रजा’ आणि ‘परिविक्षाधीन’ हे दोन्ही धागे एकाच तुकड्यात आले आणि तो वर येण्याची शक्यता खूप वाढली. (याच मॉडेलला साठवायच्या मजकुराआधी `passage:` आणि प्रश्नाआधी `query:` लिहावे लागते, ते विसरले तर शोधाचा दर्जा घसरतो.) जोडीला, शोधात लहान तुकडा वापरून उत्तरासाठी मात्र त्याचे संपूर्ण प्रकरण देण्याचीही रीत आहे. नियमावल्यांसाठी तीच अधिक भरवशाची, कारण अपवाद बहुधा नियमाच्या आसपास असतो.

व्हेक्टर अर्थाची जवळीक पकडतो. ‘प्रोबेशन’ विचारले तरी ‘परिविक्षाधीन’ सापडते ते त्यामुळेच. पण सुट्या भागाचा क्रमांक, परिपत्रकाचा आकडा यांत त्याची गल्लत होते, आणि ‘लागू आहे’ व ‘लागू नाही’ ही वाक्ये त्याला जवळजवळ सारखीच वाटतात. म्हणून शब्द जुळवणारा जुना शोध, बहुधा बीएम२५ हे सूत्र, सोबत चालवून दोन्ही याद्या एकत्र करतात. मराठीत या शब्दशोधाला वेगळी तयारी लागते. ‘रजा’ शोधले तर ‘रजेचे’, ‘रजेवर’ ही रूपे जुळत नाहीत. प्रत्यय काढून सामान्यरूप मूळ शब्दाशी जोडावे लागते.

मराठी कागदपत्रांची आणखी एक अडचण याच्याही आधी उभी राहते. युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेल्या पीडीएफ पडद्यावर स्वच्छ मराठी दाखवतात, पण त्यांतून मजकूर काढला की रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी हाती येते. प्रणाली तक्रार न करता तिचेही व्हेक्टर काढून ठेवते. काढलेला मजकूर साध्या फाइलमध्ये उघडून दोन-चार पाने डोळ्यांनी वाचणे हीच याची खात्रीची तपासणी. असे दस्तऐवज युनिकोडमध्ये बदलून किंवा ओसीआर करूनच आत घ्यावेत.

उत्तर चुकले तर दोष कुठे आहे, ते वेगळे काढता येते. बरोबर कलम हाताने मॉडेलपुढे ठेवून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. उत्तर सुधारले तर दोष शोधात किंवा तुकड्यांत. तरीही चुकले तर सूचनेत किंवा मॉडेलमध्ये. यासाठी विषय जाणणाऱ्या माणसाकडून, म्हणजे रजेबाबत मनुष्यबळ विभागातल्या कर्मचाऱ्याकडून, खरे प्रश्न आणि त्यांची नेमकी कलमे लिहून घेतात. मग किती प्रश्नांत ते कलम निवडलेल्या तुकड्यांत आले, एवढेच आधी मोजतात. अपवाद विचारणारे आणि ज्यांचे उत्तर कागदपत्रांत नाहीच असे प्रश्न त्यात हवेतच.

तुकडे सुधारून न सुटणारे दोन प्रश्न उरतात. नियमावलीची जुनी आणि नवी आवृत्ती दोन्ही साठ्यात असतील तर व्हेक्टरला त्यांतला फरक कळत नाही. प्रत्येक तुकड्यासोबत अंमलाची तारीख ठेवून रद्द झालेला मजकूर गाळावा लागतो. दुसरा प्रश्न प्रवेशाधिकाराचा. पगारपत्रके किंवा चौकशी-अहवाल कोणी पाहावेत, हे शोध चालू होण्याआधीच विचारणाऱ्याच्या ओळखीवरून ठरले पाहिजे. मॉडेलला ‘हे सांगू नकोस’ असे बजावून भागत नाही. उतारा एकदा त्याच्यापुढे गेला की प्रश्न वळवून विचारणाऱ्याला तो बाहेर काढता येतो.