दुसऱ्या वर्गाच्या उपाहारगृहाची निविदा

१९७७ सालच्या जानेवारी महिन्यांत मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर एक दुसऱ्या वर्गाचें उपाहारगृह आणि अल्पोपाहाराचीं दोन दुकानें तीन वर्षांकरितां चालवावयास द्यावयाचीं होतीं. निविदा मागविणाऱ्या सूचनेंत अट स्पष्ट होती: अर्जदार दुसऱ्या वर्गाचा नोंदलेला उपाहारगृहचालक असावा आणि त्यास निदान पांच वर्षांचा अनुभव असावा. सहा निविदा आल्या. त्यांतील एकानें दरमहा ६,६६६ रुपये ६६ पैसे देऊं केले. इतरांचे आंकडे याहून कमी होते.

अडचण एवढीच कीं, या गृहस्थांजवळ दुसऱ्या वर्गाची नोंदणी नव्हती. कंपन्यांचीं व बँकांचीं कँटीनें त्यांनीं दहा वर्षें चालविलीं होतीं. अधिकाऱ्यांनीं पुरावा मागितला. त्यांनीं कँटीनचा परवाना दाखविला. एप्रिल महिन्यांत त्यांची निविदा मंजूर झाली.

वरवर पाहतां यांत कोणाचेंहि नुकसान दिसत नाहीं. माणूस अनुभवी, भाडें सर्वांत अधिक. मग अन्याय झाला तो कोणावर? ज्यानें निविदा भरलीच नाहीं त्याच्यावर. मुंबईंतील एका व्यावसायिकानें न्यायालयांत नेमकें हेंच सांगितलें. त्याच्याजवळहि ती नोंदणी नव्हती. सूचना वाचून तो घरीं बसला. अट शिथिल होणार हें ठाऊक असतें, तर त्यानेंहि पाकीट टाकलें असतें. प्रतिपक्षाचें म्हणणें असें कीं, जो स्वतःच अपात्र, त्यास तक्रारीचा अधिकार कसला? परंतु तक्रारीचा गाभाच तो होता. छापलेली अट एकास अडविते आणि दुसऱ्यास वाट देते, तेव्हां अडलेल्याचें नांव कोणत्याहि तुलनापत्रकांत सांपडत नाहीं.

‘रमण दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ४ मे १९७९ रोजीं दिला. न्यायमूर्ति भगवती यांनीं तत्त्व असें मांडलें कीं, सरकारी संस्थेनें जो मापदंड स्वतः जाहीर केला, त्यानेंच तिला तोलावें लागतें. कोणतीहि निविदा कारण न देतां नाकारण्याचा हक्क सूचनेंत राखून ठेवला होता खरा. पण त्या कलमाआड लपून अट गुंडाळून ठेवतां येत नाहीं. ती अट केवळ अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनासाठीं होती, हा बचावहि टिकला नाहीं.

आणि तरीहि अर्जदार हरला. तो न्यायालयांत आला नोव्हेंबरांत. तोंवर दुसऱ्यानें सव्वा लाखाच्या आसपास खर्च केला होता. शिवाय अर्जदाराच्या आडून जुना परवानेदार लढत असावा, असें न्यायालयास दिसलें. तत्त्व प्रस्थापित झालें, उपाहारगृह मात्र जेथें होतें तेथेंच राहिलें.

अशा वादाचें मूळ पाकिटें उघडण्यापूर्वींच्या दिवसांत असतें. निविदापूर्व सभेचा उपयोग तेथेंच. ‘कँटीनचा अनुभव चालेल काय?’ हा प्रश्न त्या कँटीनचालकानें सर्वांच्या देखत विचारला असता, तर उत्तर होय असो वा नाहीं, तें सर्वांना एकाच वेळीं कळलें असतें. मात्र तोंडी उत्तरानें काम भागत नाहीं. तें लेखी होऊन कागदपत्रें नेणाऱ्या प्रत्येकाकडे जावें लागतें. आणि अट बदलली असेल, तर शुद्धिपत्रक मूळ सूचनेइतकेंच ठळकपणें छापून मुदत वाढवावी लागते. नाहींतर सभेस आलेले चार जण शहाणे होतात आणि न आलेले तसेच अडून राहतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत मोठ्या व गुंतागुंतीच्या खरेदीसाठीं अशी सभा सांगितली आहे. निविदेच्या कागदपत्रांत नसलेली नवी अट मूल्यमापनाच्या वेळीं आणूं नये, असेंहि तेथें बजावलें आहे. चहाफराळाच्या दुकानासाठीं कोणी सभा भरविणार नाहीं. तेथें लेखी प्रश्न आणि सर्वांना धाडलेलें लेखी उत्तर पुरेसें होतें.

पक्षपात ओळखण्याची जुनी व साधी रीत म्हणजे निवडीची टिपणी आणि मूळ सूचना शेजारीं ठेवून वाचणें. टिपणींत एखादें असें कारण सांपडलें कीं जें सूचनेंत नाहीं, तर बोट तेथें ठेवावें. पण एकाच माणसाच्या मापानें बेतलेली अट सूचनेंतच छापली असेल, तर ही रीत लंगडी पडते. ती अट इतरांनीं सभेंतच पकडावयाची असते.

प्रत्येक चूक मात्र सारखी नव्हे. वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्याच्या भंगारविक्रींत अनामत रकमेसाठीं रोख पैसे किंवा स्टेट बँकेचा ड्राफ्ट मागितला होता. सर्वांत मोठी बोली लावणाऱ्यानें युनियन बँकेचा प्रमाणित धनादेश जोडला. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही अट दुय्यम ठरवून ती बोली ग्राह्य मानली. बँकेच्या नांवामुळें कोणी घरीं बसून राहिला होता, असें तेथें म्हणतां येण्याजोगें नव्हतें.