मूल्यभेद

एकच वस्तू किंवा सेवा, ती पुरवण्याचा खर्च जवळपास सारखाच असताना, वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या दराने विकण्याची पद्धत. विद्यार्थी सवलत आणि सकाळच्या खेळाचे स्वस्त तिकीट ही तिची नेहमीची रूपे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये मूल्यभेदाचे तीन प्रकार सांगितले. प्रत्येक गिऱ्हाईक जोखून त्याला वेगळा भाव सांगणे हा पहिला प्रकार. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत घासाघीस करून खरेदी केलेल्या कोणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. पुढची चर्चा मात्र गटागटाने लावलेल्या दरांची आहे.

विक्रेता सवलत देतो ती दयेपोटी नव्हे. समजा, शहरातल्या एका तीनशे खुर्च्यांच्या चित्रपटगृहाला एका सिनेमासाठी दिवसाला दोन तऱ्हेचे प्रेक्षक मिळू शकतात : १८० रुपयांपर्यंत देऊ शकणारे १०० नोकरदार आणि १०० रुपयांपलीकडे न जाणारे १५० विद्यार्थी. सर्वांना १८० रुपये दर लावला तर फक्त नोकरदार येतील आणि गल्ला १८,००० होईल. सरसकट १०० रुपये ठेवले तर अडीचशे जण येतील आणि २५,००० जमतील. पण नोकरदारांकडून सहज मिळणारे माणशी ८० रुपये सुटतील. दोन दर लावता आले तर गल्ला ३३,००० होतो. खेळ लावलाच आहे म्हटल्यावर आणखी एक खुर्ची भरण्याचा खर्च नगण्य असतो, म्हणून शंभर रुपये देणाराही फायद्याचाच.

अडचण एवढीच, की कोण किती देऊ शकतो हे तिकीट खिडकीवर कोणी खरे सांगत नाही. त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे ओळखपत्र. शिकणाऱ्याचा खिसा बहुधा हलका असतो आणि दर थोडा वाढला तरी तो बेत रद्द करतो, म्हणून महाविद्यालयाचे ओळखपत्र हा खिशाचा ढोबळ पण स्वस्त पुरावा ठरतो. दुसरा उपाय जास्त चलाख आहे : स्वस्त तिकिटाला गैरसोय जोडायची. सकाळी दहाच्या खेळाला वाळूजच्या कारखान्यात पहिल्या पाळीला असलेला कामगार येऊ शकत नाही, तासिका बुडवणारा विद्यार्थी येतो. ओळखपत्र न तपासताच गट वेगळे होतात.

सकाळचा प्रत्येक स्वस्त खेळ म्हणजे मूल्यभेद, असे मात्र नाही. संध्याकाळी सभागृह तुडुंब भरत असेल, तर तिथला चढा दर खुर्च्यांच्या टंचाईचा आहे. दोन्ही वेळा खुर्च्या रिकाम्या राहूनही दरात तफावत असेल, तर तो मूल्यभेद म्हणावा. ही युक्ती फसतेही. वरच्या उदाहरणातले तीस नोकरदार सुटीच्या दिवशी सकाळीच येऊ लागले, तर २,४०० रुपये हातचे जातात. सकाळची गर्दी वाढताना संध्याकाळची तेवढ्याच प्रमाणात घटू लागली, की हे ओळखावे. म्हणूनच अशा सवलती शनिवार-रविवारी बहुधा नसतात.

मूल्यभेद टिकायला आणखी दोन गोष्टी लागतात. विक्रेत्याला दर ठरवण्याची काहीएक ताकद हवी. शेजारीच तोच माल स्वस्त मिळत असेल तर महाग गटाचे गिऱ्हाईक तिकडे जाते. आणि स्वस्तात घेतलेला माल महाग गटाला परत विकता येता कामा नये. त्यामुळे सवलत प्रवेश, प्रवास, शिकवणी, केशकर्तन अशा सेवांत सहज चालते, साखर-तेलात चालत नाही.

या अटी ठळकपणे दिसतात त्या वेरूळला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ऑगस्ट २०१८ च्या दरांनुसार वेरूळ-अजिंठ्याला भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पर्यटकांना ६०० रुपये तिकीट आहे. बीबी का मकबऱ्याला २५ आणि ३००. कैलास लेणे दुसरीकडे कुठे नाही आणि प्रवेशद्वारावर तिकीट तपासले जाते. विमान आणि हॉटेलवर हजारो रुपये घातलेला पर्यटक सहाशेसाठी माघारी फिरत नाही. फुलंब्रीहून आलेले सहा जणांचे कुटुंब मात्र तेवढ्या दरात बाहेरूनच परतेल. पंधरा पटींचा हा फरक पाहुण्याला खुपतो, आणि ते स्वाभाविक आहे. तरी तेवढेच उत्पन्न राखून एकच दर ठेवायचा झाला, तर तो चाळीसच्या वर जाईल आणि त्याचा फटका स्थानिकांना बसेल. सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर लागू आहे, तर पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे.

एसटीतील सवलती वरवर अशाच दिसतात, पण त्यांची गणना इथे करू नये. १७ मार्च २०२३ पासून महिलांना मिळणारे अर्धे तिकीट महामंडळाने गल्ला वाढवण्यासाठी काढलेले नाही. तो राज्य सरकारचा निर्णय असून सवलतीची रक्कम सरकारने महामंडळाला भरून द्यायची असते.