१८६२ चा रुपया खरोखर १८६२ चा असतो का?

१/ ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील जुन्या घरांच्या पेट्यांत राणी व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया आजही सापडतो. त्यावर साल असते १८६२. संग्राहक वहीत तेच साल लिहितो आणि असे तीन रुपये असतील, तर दोन ‘जादा’ समजून देऊन टाकतो. या धाग्याचा विषय हाच.

२/ रुपयावर १८६२ हे साल १८७४ पर्यंत गोठवलेले होते. दरवर्षी नवी नाणी पाडली जात, पण साल तेच राही. ही रीत जुनी होती. सराफ मागील सालच्या नाण्यावर बट्टा कापत, म्हणून कंपनीने बंगालच्या सिक्का रुपयावर शाह आलमचे १९ वे राज्यवर्ष कायम केले होते.

३/ मग खरे वर्ष कसे ओळखावे? मुंबईच्या टाकसाळीने सालाभोवती बारीक टिंबे उमटवली आणि वर्षागणिक त्यांची संख्या व जागा बदलली. दहापट भिंगाखाली टिंब गोल व उठावदार दिसते. मळ असेल, तर कडा वेड्यावाकड्या दिसतात.

४/ म्हणून नोंदवहीत सालाचे दोन रकाने हवेत: ‘नाण्यावरील साल’ आणि ‘पाडल्याचे वर्ष’. टिंबे झिजली असतील, तर दुसऱ्या रकान्यात ‘१८६२–७४’ लिहावे. अंदाजाने एकच वर्ष लिहू नये.

५/ मूळस्थानाचेही दोन अर्थ होतात: नाणे कोठे पाडले आणि आपल्याकडे कोठून आले. दोन्ही स्वतंत्र लिहावेत.

६/ दर्जा ठरवताना उंचवटे आधी पाहावेत: मुकुट, कानाजवळचे केस, पोशाखावरील नक्षी. असे रुपये कडी लावून गळ्यातही घातले जात. त्यामुळे कडेवर डाकाचा डाग आहे का, हे फिरवून पाहावे. डाग असल्यास चित्र कितीही स्पष्ट असले तरी तो दोष दर्जाशेजारी नोंदवावा. घासून चमकवलेले नाणेही तसेच.

७/ एक नमुना नोंद:
क्रमांक: ०४७
नाण्यावरील साल: १८६२
पाडल्याचे वर्ष: १८६२–७४ (सालाखाली एक टिंब, वरचा भाग झिजलेला)
टाकसाळ: मुंबई
आले कोठून: आजीची पेटी, कल्याण
वजन: ११.५ ग्रॅम (नवे असता ११.६६)
दर्जा: व्हीएफ, कडेवर डाक
जागा: अल्बम २, पान ५, ओळ ३, कप्पा १

८/ क्रमांक आणि जागा वेगळे ठेवण्याचे कारण साधे आहे. अल्बमची मांडणी बदलते, क्रमांक बदलता कामा नये. पीव्हीसीच्या कप्प्यांत नाण्यावर हिरवट, चिकट थर चढतो आणि खाडीकाठच्या दमट हवेत धोका वाढतो. नाणे दुसऱ्या अल्बममध्ये हलवले, की फक्त शेवटची ओळ खोडून नवी लिहावी.

९/ आता ‘जादा’ ठरवलेले ते दोन रुपये भिंगाखाली पाहा. टिंबे वेगळी असतील, तर ती निराळ्या वर्षांची नाणी आहेत. ती हातची गेली, तर नोंदवहीतून ती वर्षेही गेली.