बूस्टर पंप घुमतो, थरथरतो? आधी सक्शन बाजू तपासा

शेततळ्याच्या बांधावर ठिबकसाठी बसवलेला पंप पावसाळ्यात आणि हिवाळ्यात गपगुमान चालतो. मार्च-एप्रिलमध्ये तोच पंप खडे भरल्यासारखा वाजू लागतो, फाउंडेशनचे बोल्ट सैल होतात, फिल्टरवरचा दाब पडतो. बहुतेक वेळा बेअरिंग गेले असे समजून पंप खोलला जातो. बेअरिंग बदलले तरी आवाज तसाच राहतो. कारण पंप तोच आहे, पाइप तोच आहे; बदलली आहे ती फक्त तळ्यातील पाण्याची पातळी.

एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी काढा. पंप घुमतो पण फिरतच नाही, किंवा अगदी हळू फिरतो, तर तो विजेचा दोष आहे: एक फेज गेलेला असतो, व्होल्टेज कमी असते किंवा इम्पेलर जाम असतो. अशा वेळी लगेच स्टार्टर बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळते. पुढची माहिती पूर्ण वेगाने फिरणाऱ्या, पण आवाज आणि हादरे देणाऱ्या पंपाबद्दल आहे.

आवाज दोन, कारणे दोन

पंप पाणी ‘ओढत’ नाही. तो तोंडाशी दाब कमी करतो आणि बाहेरची हवा तळ्यातील पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला ही हवा जास्तीत जास्त 10.3 मीटर उंचीचे पाणी तोलते. नाशिकसारख्या सुमारे 600 मीटर उंचीवरच्या भागात साधारण 9.6 मीटर. यातून पाणी चढण्याची उंची आणि पाइपमधील घर्षण वजा होते. उरलेला दाब फार कमी झाला, की थंड पाण्याचीही इम्पेलरच्या तोंडाशी वाफ होते. वाफेचे बुडबुडे पुढे जास्त दाबात जाऊन फुटतात आणि प्रत्येक फुटणे धातूवर बारीक घाव घालते. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. आवाज खडे किंवा वाळू फिरल्यासारखा, सलग येतो. काही महिन्यांनी इम्पेलर काढला तर पाती वाळवीने खाल्ल्यासारखी खड्डेदार दिसतात.

दुसरे कारण म्हणजे सक्शन पाइपमध्ये बाहेरची हवा शिरणे. याचा आवाज सलग नसतो. पंप मध्येच गुरगुरतो, मध्येच मोकळा फिरतो, डिलिव्हरीचा गेज वरखाली नाचतो, पाणी थुंकल्यासारखे येते. बंद केल्यावर प्रायमिंगही अनेकदा उतरलेले असते.

ओळखण्यासाठी सोपी चाचणी अशी. पंप चालू असताना डिलिव्हरीचा गेट व्हॉल्व्ह हळूहळू थोडा बंद करा. खड्यांचा आवाज कमी होऊन पंप शांत झाला, तर कॅव्हिटेशन आहे. आवाजात फारसा फरक पडला नाही आणि गेज नाचतच राहिला, तर हवा शोधा. ही चाचणी मिनिटभरातच संपवा आणि सक्शनच्या बाजूचा व्हॉल्व्ह, असल्यास, कधीही अर्धवट बंद करू नका. त्याने दोष वाढतो.

एक हिशोब

डाळिंबाच्या बागेसाठी 5 एचपीचा मोनोब्लॉक सेकंदाला 7 लिटर पाणी देतो असे धरू. पंप 600 मीटर उंचीच्या गावात आहे. सक्शनला 63 मिमीचा पीव्हीसी पाइप, लांबी 14 मीटर, दोन बेंड आणि फूट व्हॉल्व्ह. उन्हाळ्यात पंपाच्या मध्यापासून पाणी 4.5 मीटर खाली गेले आहे.

या पाइपमध्ये पाणी सेकंदाला अडीच मीटरहून जास्त वेगाने धावते. पाइप, बेंड आणि फूट व्हॉल्व्ह मिळून सुमारे 3 मीटर दाब घर्षणातच जातो. उन्हाळी पाण्याच्या वाफेसाठी अर्धा मीटर सोडा. म्हणजे 9.6 मधून 4.5, 3 आणि 0.5 वजा करून हाती राहतात फक्त 1.6 मीटर. पंपाला किती शिल्लक दाब लागतो हे कंपनीच्या माहितीपत्रकात असते. ते 2.5 मीटर असेल, तर हा पंप वाजणारच. पावसाळ्यात पाणी दीड मीटरवर होते तेव्हा शिल्लक साडेचार मीटरच्या वर होती, म्हणून तक्रार नव्हती.

आता फक्त सक्शन 90 मिमीचे केले, तर घर्षण सुमारे 0.6 मीटरवर येते आणि शिल्लक 4 मीटरच्या आसपास जाते. पंपाला हात न लावता आवाज थांबतो. पंपाचे तोंड अडीच इंची आहे म्हणून सक्शनही अडीच इंचीच घ्यायचे, हा समज यासाठीच सोडावा. रिड्युसर मात्र पंपाच्या अगदी तोंडाशी आणि वरची बाजू सपाट राहील असा बसवा. उलटा बसवला तर वर हवेचा कप्पा तयार होतो.

प्रवाह निम्मा झाला की घर्षण जवळपास एक चतुर्थांश होते. म्हणून व्हॉल्व्ह थोडा बंद केल्यावर पंप शांत होतो. याउलट वीज थोडीच तास आहे म्हणून दोन प्लॉट एकदम चालू केले, की प्रवाह वाढतो आणि कमी पाण्याच्या दिवसांत आवाज तिथूनच सुरू होतो. पाइप बदलेपर्यंत एकेक प्लॉट चालवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

पाइप बदलण्याआधी फूट व्हॉल्व्हची जाळी मात्र जरूर काढून पाहा. शेततळ्यात शेवाळ आणि प्लॅस्टिकचे तुकडे जाळीला चिकटले, तर मोठा पाइपही उपाशीच राहतो. जाळी तळापासून फूट-दीड फूट वर ठेवा.

हवा कुठून शिरते

सक्शन पाइपमधून पाणी बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून कोरडा दिसणारा सांधाही दोषी असू शकतो. पंप चालू ठेवून प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जातो तिथे फट आहे. फ्लँजचे पॅकिंग, थ्रेडचे सांधे आणि उन्हात तडकलेला पाइप आधी पाहा. ग्लँडच्या जागी हात फिरत्या शाफ्टपासून दूर ठेवा. ग्लँड दोरीच्या पंपात तिथून थेंब थेंब पाणी पडायलाच हवे. दोरी कोरडी असेल, तर तिथूनच हवा शिरते.

सांधे ठीक असतील तर तळ्याकडे पाहा. पाण्यावर भोवरा दिसत असेल, तर फूट व्हॉल्व्ह पुरेसा बुडालेला नाही. पाण्याखाली किमान दोन-तीन फूट खोली ठेवा. ते शक्य नसेल तर भोवऱ्यावर लाकडी फळी तरंगती ठेवली तरी तात्पुरते भागते. तसेच पाइप तळ्यापासून पंपाकडे सतत थोडा चढता हवा. बांधावरून जाताना मध्ये उंचवटा आला, तर तिथे हवा साठून राहते.

सक्शनवर व्हॅक्यूम गेज बसवला तर अंदाज लावावा लागत नाही. पाणी 1 मीटर चढवायला साधारण 74 मिमी लागतात, म्हणजे 4.5 मीटरला सुमारे 330. चालू पंपात काटा त्याच्या फार वर स्थिर असेल, तर जाळी तुंबली आहे किंवा पाइप अरुंद आहे. काटा खाली येऊन थरथरत असेल, तर हवा शिरते आहे.